हव्या त्या बिंदूभोवती आकृती फिरवणे आणि ताणणे : होमोजिनियस मॅट्रिक्सच्या गुणाकारातून

आकृती फिरवण्याचे आणि स्केल करण्याचे पाठ्यपुस्तकातले सूत्र नेहमी आरंभबिंदूभोवती चालते. प्रत्यक्ष कामात मात्र आकृती क्वचितच आरंभबिंदूवर बसलेली असते. पोस्टरमधला शिक्का त्याच्या मध्याभोवती फिरवायचा असतो, नकाशावरचा बाण त्याच्या शेपटीभोवती वळवायचा असतो, आणि घड्याळाचा काटा ज्या बिंदूला अडकवला आहे त्याच्याचभोवती हलायला हवा असतो. या स्थिर बिंदूला पुढे पिव्हट म्हणू. आकृती कोणत्याही पिव्हटभोवती एकाच वेळी फिरवायची आणि ताणायची असेल तर त्याची मॅट्रिक्स कशी बांधावी, तिचा प्रत्येक आकडा कसा मिळवावा आणि ती बरोबर आहे हे कसे ओळखावे, हे एका उदाहरणाच्या आधारे पाहू.

उदाहरणासाठी पाच एकक बाजूचा चौरस घेऊ. त्याचे शिरोबिंदू A(3, 2), B(8, 2), C(8, 7) आणि D(3, 7) आहेत. A हाच पिव्हट धरू. चौरस त्याच्या आडव्या दिशेने दुप्पट ताणायचा, उभी लांबी तशीच ठेवायची आणि नंतर तो असा फिरवायचा की कोनाचा cos 0.8 आणि sin 0.6 असेल. हा कोन साधारण ३६.८७ अंशांचा असतो. तो मुद्दाम निवडला आहे, कारण त्यामुळे सगळे हिशेब दशांश चिन्हानंतरच्या एका अंकात नेमके संपतात आणि वहीवर पडताळता येतात. Y-अक्ष वरच्या दिशेने वाढतो असे तूर्त धरू. स्क्रीनवर तो उलटा असतो, त्याचा विचार नंतर करू.

अडचण नेमकी कुठे आहे

आधी ताणणे आणि मग फिरवणे या दोन क्रिया एकत्र केल्या की दोन ओळी आणि दोन स्तंभांची एक मॅट्रिक्स मिळते. तिला L म्हणू.

```
L = | 0.8  -0.6 | | 2  0 |  =  | 1.6  -0.6 |
    | 0.6   0.8 | | 0  1 |     | 1.2   0.8 |
```

ही मॅट्रिक्स थेट A(3, 2) ला लावली तर x चे मूल्य 1.6×3 − 0.6×2 = 3.6 येते आणि y चे मूल्य 1.2×3 + 0.8×2 = 5.2 येते. जो बिंदू जागेवर राहायला हवा होता तोच सरकून (3.6, 5.2) वर गेला. आकृतीचा आकार आणि तिचा कल दोन्ही बरोबर आहेत. चुकली आहे ती फक्त जागा. L आरंभबिंदूला जागेवर ठेवते, बाकी सर्व बिंदू त्याच्यापासून मोजून हलवते, त्यामुळे आकृती आरंभबिंदूपासून जितकी दूर असेल तितकी ती अधिक भरकटते. आकृती फिरवल्यावर ती पडद्याच्या एका कोपऱ्याभोवती मोठ्या वर्तुळात फिरताना दिसली, तर कारण बहुतेक वेळा हेच असते.

उपाय तोंडी सांगायला सोपा आहे. पिव्हट आरंभबिंदूवर येईल अशी संपूर्ण आकृती सरकवावी, तिथे ताणून आणि फिरवून घ्यावी, आणि मग तितकीच परत सरकवावी. पण सरकवणे ही बेरीज आहे, तर ताणणे आणि फिरवणे हे गुणाकार आहेत. दोन बाय दोनच्या कोणत्याही मॅट्रिक्सने आरंभबिंदूला गुणले तरी उत्तर आरंभबिंदूच येते, म्हणून तिच्यात सरकवणे बसवताच येत नाही. परिणामी बेरीज आणि गुणाकार आळीपाळीने लिहावे लागतात आणि चार-पाच क्रियांची साखळी झाली की हिशेब हाताबाहेर जातो.

तिसरा निर्देशक कशासाठी

प्रत्येक बिंदूला तिसरा निर्देशक जोडून (x, y, 1) असे लिहिले, की ही अडचण दूर होते. अशा निर्देशकांना होमोजिनियस निर्देशक म्हणतात. जर्मन गणिती ऑगस्ट फर्डिनांड मोबियस यांनी त्यांची मूळ कल्पना १८२७ मध्ये मांडली, म्हणजे संगणकाच्या पडद्यावर चित्रे निघू लागण्याच्या कितीतरी आधी. आता मॅट्रिक्स तीन बाय तीनची होते आणि तिच्या तिसऱ्या स्तंभातल्या आकड्यांना बिंदूचा 1 गुणतो. म्हणून तिथे जे लिहाल ते x आणि y मध्ये जसेच्या तसे मिळवले जाते. सरकवणेही अशा रीतीने गुणाकार बनते.

आपल्याला तीनच प्रकारच्या मॅट्रिक्स लागतात. T(a, b) सरकवते, R फिरवते आणि S ताणते.

```
T(a,b) = | 1 0 a |   R = | c -s 0 |   S = | sx 0  0 |
         | 0 1 b |       | s  c 0 |       | 0  sy 0 |
         | 0 0 1 |       | 0  0 1 |       | 0  0  1 |
```

इथे c आणि s म्हणजे कोनाचे cos आणि sin, तर sx आणि sy म्हणजे आडव्या आणि उभ्या दिशेने किती पट ताणायचे ते आकडे. तिन्हींची शेवटची ओळ 0 0 1 अशीच आहे, आणि अशा दोन मॅट्रिक्सचा गुणाकार केला तरी ती ओळ तशीच राहते. हिशेब करताना शेवटच्या ओळीत दुसरे काही आले, तर तिथेच थांबून आधीचा गुणाकार तपासावा.

चार मॅट्रिक्सची साखळी

पिव्हट p = (px, py) असेल, तर एकत्रित मॅट्रिक्स अशी होते:

```
M = T(px, py) · R · S · T(-px, -py)
```

ही साखळी उजवीकडून डावीकडे वाचायची असते, कारण बिंदू स्तंभाच्या रूपात सगळ्यांच्या उजवीकडे लिहिलेला असतो आणि त्याला सगळ्यात आधी उजव्या टोकाची मॅट्रिक्स भेटते. प्रथम T(−px, −py) पिव्हटला आरंभबिंदूवर आणते, मग S ताणते, मग R फिरवते, आणि शेवटी T(px, py) सगळे परत मूळ जागी नेते. डावीकडून वाचण्याच्या सवयीमुळे दोन्ही टोकांची चिन्हे सर्रास उलटी लिहिली जातात. तसे झाले तर आकृती पिव्हटकडे येण्याऐवजी आणखी दूर जाते आणि तिथे फिरते. आपल्या उदाहरणात चिन्हे उलटली तर A चा बिंदू (4.2, 8.4) वर जाऊन पडतो.

चारही मॅट्रिक्स हाताने गुणण्याची गरज नाही. मधल्या R·S चा डावीकडचा वरचा दोन बाय दोनचा भाग म्हणजे वर काढलेली L. दोन्ही बाजूंची सरकवणी त्या भागाला हातही लावत नाहीत. ती फक्त तिसरा स्तंभ बदलतात. तो स्तंभ मिळवण्याचे सूत्र लक्षात ठेवण्याजोगे आहे: t = p − L·p. म्हणजे L ने पिव्हटला जिथे नेले असते, तिथून त्याला परत आणण्यासाठी जेवढे सरकवावे लागेल तेवढेच. वर आपण L·p काढलेच आहे, ते (3.6, 5.2) होते. म्हणून t = (3 − 3.6, 2 − 5.2) = (−0.6, −3.2).

```
M = | 1.6  -0.6  -0.6 |
    | 1.2   0.8  -3.2 |
    | 0     0     1   |
```

आता चारही शिरोबिंदूंना ही एकच मॅट्रिक्स लावू. B(8, 2) साठी x = 12.8 − 1.2 − 0.6 = 11 आणि y = 9.6 + 1.6 − 3.2 = 8. त्याच रीतीने C चे (8, 12) होते, D चे (0, 6) होते आणि A हा (3, 2) वरच राहतो. नवी AB बाजू (8, 6) या दिशेने जाते, तिची लांबी दहा आहे. AD बाजू (−3, 4) या दिशेने जाते, तिची लांबी पाचच राहिली आहे. दोन्ही दिशांचा गुणाकार 8×(−3) + 6×4 = 0 येतो, म्हणजे कोन काटकोनच आहे. चौरसाचा आयत झाला, तो कलला, आणि त्याचा A कोपरा खिळ्याने ठोकल्यासारखा जागच्या जागी राहिला. हेच हवे होते.

आधी ताणणे की आधी फिरवणे

या प्रश्नाला मी जास्त जागा देतो आहे, कारण इथली चूक पिव्हटच्या तपासणीत सापडत नाही. क्रम उलटवून आधी फिरवू आणि मग आडवे ताणू, म्हणजे मध्ये S·R लिहू. पिव्हटपासून मोजले तर AB ची दिशा फिरल्यावर (4, 3) होते आणि आडवे दुप्पट केल्यावर (8, 3). AD ची दिशा फिरल्यावर (−3, 4) होते आणि ताणल्यावर (−6, 4). आता दोन्ही दिशांचा गुणाकार −48 + 12 = −36 येतो. कोन काटकोन राहिलेला नाही. आयताऐवजी समांतरभुज चौकोन तयार झाला आहे.

कारण असे की S नेहमी त्या क्षणीच्या X आणि Y अक्षांच्या दिशेनेच ताणते. आधी ताणले तेव्हा चौरसाच्या बाजू अक्षांना समांतर होत्या, म्हणून त्या सरळ वाढल्या. आधी फिरवले तेव्हा बाजू तिरप्या झालेल्या होत्या, आणि तिरपी आकृती आडवी ओढली की तिचे कोन बिघडतात. दोन्ही क्रमांत A जागेवरच राहतो, आणि दोन्ही आकृत्यांचे क्षेत्रफळही पन्नासच येते, कारण गुणाकाराचा क्रम बदलला तरी निश्चयक बदलत नाही. म्हणून क्षेत्रफळ जुळले यावरून क्रम बरोबर आहे असे मानू नये; शेजारच्या दोन बाजूंमधला कोन तपासावा. sx आणि sy समान असतील तर मात्र क्रम कोणताही चालतो, कारण सगळ्या दिशांनी सारखे ताणल्यावर कोन बदलत नाहीत. पुष्कळ कोड याच एका कारणामुळे वर्षानुवर्षे बरोबर चालल्यासारखे वाटते आणि कुणीतरी पहिल्यांदा असमान स्केल दिले की उघडे पडते.

आकृती आधीच φ कोनातून कललेली असेल आणि तिला तिच्या स्वतःच्या लांबीच्या दिशेने ताणायचे असेल, तर S च्या जागी R(φ)·S·R(−φ) लिहावे. आधी कल काढून टाकायचा, सरळ स्थितीत ताणायचे आणि कल परत द्यायचा. पिव्हटसाठी सरकवण्याने जे केले तेच इथे दिशेसाठी फिरवण्याने होते.

दुसऱ्याने दिलेल्या मॅट्रिक्समधून पिव्हट शोधणे

कधीकधी फाइलमध्ये नुसते सहा आकडे असतात आणि ते कोणत्या बिंदूभोवती लावले होते हे कुठेच लिहिलेले नसते. t = p − L·p हेच सूत्र इथे उलटे वापरता येते, कारण त्यातून दोन चलांतली दोन रेषीय समीकरणे मिळतात. आपल्या M साठी ती अशी:

```
-0.6·px + 0.6·py = -0.6
-1.2·px + 0.2·py = -3.2
```

पहिल्यातून py = px − 1 मिळते; ते दुसऱ्यात ठेवले की px = 3 आणि py = 2 येतात. या समीकरणांचा निश्चयक शून्य आला तर एकच असा पिव्हट नसतो. नुसते सरकवले असेल तर जागेवर राहणारा बिंदूच नसतो, आणि फक्त एकाच दिशेने ताणले असेल तर संपूर्ण रेषा जागेवर राहू शकते. तपासणीसाठीही ही रीत उपयोगी आहे: आपण बांधलेल्या मॅट्रिक्समधून पिव्हट परत काढावा आणि तो मनातला बिंदूच आहे ना हे पाहावे.

स्क्रीनवर उतरवताना

SVG मध्ये हीच साखळी जशीच्या तशी लिहिता येते, आणि तिथेही उजवीकडची क्रिया बिंदूला आधी लागते. खालच्या दोन ओळी एकच काम करतात. पहिल्या ओळीत कोन दोन दशांशांपर्यंत लिहिल्यामुळे पडणारा फरक नगण्य आहे.

```
transform="translate(3 2) rotate(36.87) scale(2 1) translate(-3 -2)"
transform="matrix(1.6 1.2 -0.6 0.8 -0.6 -3.2)"
```

दुसऱ्या ओळीतले सहा आकडे स्तंभानुसार आहेत: आधी पहिल्या स्तंभातले वरचे दोन, मग दुसऱ्यातले, मग तिसऱ्यातले. त्यांतले पहिले चार ओळीनुसार भरले तर 1.2 आणि −0.6 यांची अदलाबदल होते आणि आकृती विपरीत दिशेने, शिवाय वाकडी होऊन दिसते. कॅनव्हासवरही क्रम तोच राहतो, कारण प्रत्येक नवी आज्ञा आधीच्या मॅट्रिक्सच्या उजवीकडे गुणली जाते. फक्त कोन रेडियनमध्ये द्यावा लागतो.

```js
ctx.translate(3, 2);
ctx.rotate(0.6435);
ctx.scale(2, 1);
ctx.translate(-3, -2);
```

दोन्हीकडे Y-अक्ष खालच्या दिशेने वाढतो, त्यामुळे धन कोन दिल्यावर आकृती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरताना दिसते. मॅट्रिक्स चुकलेली नसते. नजरेसमोरचा कागद उलटा असतो. वहीतल्या चित्राप्रमाणे फिरवायचे असेल तर कोनाचे चिन्ह बदलावे, मॅट्रिक्समधली s ची चिन्हे हाताने उलटवत बसू नये. असमान स्केलमुळे आकृतीच्या कडेची रेघही एका दिशेने जाड होते. SVG मध्ये ती एकसारखी ठेवण्यासाठी `vector-effect="non-scaling-stroke"` द्यावे.

CSS मधून फिरवताना `transform-origin` हीच दोन टोकांची सरकवणी आपल्यासाठी करते. मात्र एचटीएमएलच्या घटकांसाठी ती मुळात घटकाच्या मध्याला असते, तर SVG च्या आतल्या आकृत्यांसाठी ती आरंभबिंदूला असते. तोच नियम दोन ठिकाणी वेगवेगळे चित्र दाखवतो, त्याचे कारण पुष्कळदा या फरकात असते.

काही पद्धतींमध्ये बिंदू स्तंभाऐवजी ओळीच्या रूपात डावीकडे लिहितात; पीडीएफची रीत अशीच आहे. तिथे प्रत्येक मॅट्रिक्सच्या ओळींचे स्तंभ करावे लागतात आणि साखळीही उलट क्रमाने, म्हणजे T(−p), S, R, T(p) अशी लिहावी लागते. या दोन बदलांपैकी एकच केला तर उत्तर चुकते, म्हणून सूत्र कुठूनही उचलण्याआधी त्यात सरकवण्याचे आकडे शेवटच्या स्तंभात आहेत की शेवटच्या ओळीत, हे पाहावे.

पिव्हट मध्येच बदलला तर

रेखाटनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आकृती फिरवून झाल्यावर वापरणारा पिव्हटची खूण उचलून दुसऱ्या कोपऱ्यावर ठेवतो. त्याची अपेक्षा असते की आकृती हलू नये आणि पुढचे फिरवणे नव्या बिंदूभोवती व्हावे. पण प्रोग्राम तोच कोन, तेच स्केल आणि नवा पिव्हट घेऊन मॅट्रिक्स पुन्हा बांधतो आणि आकृती एकदम उडी मारते. आपल्या उदाहरणात पिव्हट A वरून C(8, 7) वर नेला, तर L·p = (8.6, 15.2) येते आणि नवा तिसरा स्तंभ (−0.6, −8.2) होतो. आधी तो (−0.6, −3.2) होता. म्हणजे आकृती जागेवरून पाच एकक खाली जाईल.

यावर उपाय म्हणून आणखी एक सरकवणी d साठवून ठेवावी लागते. नवा पिव्हट q असेल तर d = M·q − q, आणि मॅट्रिक्स T(q + d)·R·S·T(−q) अशी बांधावी. इथे M·q = (8, 12), म्हणून d = (0, 5); गेलेली पाच एकके नेमकी परत मिळतात. यात q हा मूळ, न हललेल्या चौरसातला बिंदू आहे, हे विसरू नये. वापरणाऱ्याने पडद्यावर टिचकी मारली ती (8, 12) वर. त्याला आधी M च्या व्यस्त मॅट्रिक्सने गुणून (8, 7) मिळवावे लागते. sx किंवा sy शून्य झाले असेल तर व्यस्त मॅट्रिक्सच नसते, म्हणून ओढताना स्केल शून्यावर पोहोचू न देता एखाद्या लहान मूल्याशी थांबवणे बरे.

आकृती हळूहळू फिरताना दाखवायची असेल, तर प्रत्येक चौकटीत जुन्या मॅट्रिक्सला लहान कोनाच्या मॅट्रिक्सने गुणत जाऊ नये. दर गुणाकारात दशांशाची थोडी छाटछाट होते आणि हजारो चौकटींनंतर L मधले फिरवणे शुद्ध राहत नाही. आकृती किंचित वाढलेली, घटलेली किंवा तिरकी झालेली दिसू लागते. कोन, sx, sy, पिव्हट आणि d ही मूल्ये वेगळी साठवावीत आणि मॅट्रिक्स दर वेळी त्यांच्यापासून नव्याने बांधावी. दोन स्थितींमधली अवस्था काढतानाही हीच मूल्ये मध्ये घ्यावीत, मॅट्रिक्सचे आकडे नव्हेत. शून्य अंश आणि १८० अंश यांच्या मॅट्रिक्सची सरासरी घेतली तर L चे चारही आकडे शून्य होतात आणि अर्ध्या वाटेवर संपूर्ण आकृती पिव्हटच्या एका बिंदूत मिटते. कोनाची सरासरी घेतली तर ती ९० अंशांवर, पूर्ण आकारात उभी असते.